मधली सहा वर्षे आणि एक पानी अर्ज

नाशिकमधल्या एका शिक्षणसंस्थेला कार्यालयीन सहायक हवा आहे. जाहिरात पाच ओळींची आहे. पदवीधर, किमान तीन वर्षांचा अनुभव, टॅली आणि एक्सेल येणे आवश्यक, मराठी व इंग्रजी पत्रव्यवहार, पालक आणि पुरवठादारांशी संपर्क. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. अर्ज ईमेलने पाठवायचा.

ही जाहिरात वाचणारी एक बाई आहे असे धरू. वय त्रेचाळीस, बी.कॉम. झालेली, एका पंपविक्रेत्याच्या कार्यालयात नऊ वर्षे काम केलेली. २०१९च्या जूनमध्ये सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि तिने नोकरी सोडली. ते गेले, त्यापाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मार्च २०२५मध्ये त्याही गेल्या. काही महिन्यांनी घराची घडी बसली आणि तिने पुन्हा नोकरी करायचे ठरवले. उदाहरण माझे रचलेले आहे. पण कार्यालयीन पदांसाठी आलेले अर्ज मी बरीच वर्षे वाचले आहेत आणि अशी माणसे त्या गठ्ठ्यात नेहमी भेटतात. त्यांचे काम चांगले असते. अर्ज मात्र त्या कामाबद्दल काहीच बोलत नाही.

तिने पहिल्यांदा लिहिलेला मजकूर साधारण असा असतो: ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करते की, घरगुती अडचणींमुळे मी गेली सहा वर्षे नोकरी करू शकले नाही. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला एक संधी द्यावी. दिलेले कोणतेही काम मी प्रामाणिकपणे व मन लावून करीन.’

शाळेत अर्जलेखन शिकताना आपण जी भाषा घोटली, तीच ही भाषा. फी माफीसाठी किंवा रजेसाठी ती ठीक होती, कारण तिथे समोरच्याच्या मर्जीवर सगळे अवलंबून होते. नोकरीचा अर्ज वाचणाऱ्या माणसापुढे प्रश्न वेगळा असतो. फीची नोंद, पगारपत्रक, पुरवठादाराचे बिल आणि पालकांचे फोन हे सगळे सोमवारपासून कोण सांभाळेल, याचे उत्तर तो शोधत असतो. वरच्या तीन वाक्यांत ते उत्तर कुठेच नाही. उलट पहिल्याच वाक्यात ‘करू शकले नाही’ हे शब्द येतात, आणि वाचणाऱ्याला या बाईंबद्दल कळलेली पहिली गोष्ट तीच ठरते.

वाचणारा काय शोधतो

मध्ये खंड पडलेला अर्ज हातात आला की वाचणाऱ्याच्या मनात तीन शंका येतात. हा खंड कशामुळे पडला? ते कारण आता संपले आहे का? आणि इतक्या वर्षांनंतर हात चालतो का? तिन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरे अर्जात मिळाली नाहीत, तर वाचणारा ती स्वतःच भरून काढतो आणि शेजारी दुसरे पन्नास अर्ज असताना तो उदारपणे भरत नाही.

यावर परदेशांत काही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ केट वाइसहार यांनी काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून कोणाला मुलाखतीचे बोलावणे येते ते पाहिले. त्यांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. सध्या नोकरीत असलेल्या मातांना १५.३ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोकरी गेल्यामुळे बेरोजगार असलेल्यांना ९.७ टक्के, आणि मुलांसाठी घरी राहिलेल्यांना फक्त ४.९ टक्के ठिकाणांहून. वडिलांच्या बाबतीतही उतरता क्रम हाच होता. नोकरी गेलेल्या माणसापेक्षा घरासाठी नोकरी सोडलेला माणूस मागे पडला, कारण त्याची कामावरची निष्ठा कमी असेल असा समज वाचणाऱ्यांनी करून घेतला.

हे वाचून कोणालाही वाटेल की मग कारण सांगूच नये. पण दुसरा अभ्यास नेमका याच्या उलट बाजूला प्रकाश टाकतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जोनी हर्श आणि जेनिफर बेनेट शिनॉल यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, खंड असलेल्या दोन स्त्री उमेदवारांपैकी कोणाला घ्याल असे लोकांना विचारले होते. एकीने कौटुंबिक कारण सांगितले होते, दुसरीने काहीच सांगितले नव्हते. कारण सांगणारीला निवडले जाण्याची शक्यता ३० ते ४० टक्के-गुणांनी वाढली. खंड दोघींच्याही अर्जात होता. फरक पडला तो माहिती दिल्याने.

हे दोन्ही अभ्यास अमेरिकेतले आहेत आणि मुलांसाठी घरी राहणे व वृद्धांची शुश्रूषा या गोष्टीही एकसारख्या नाहीत. तरी दोन्ही शेजारी ठेवले की आपल्या अर्जदाराला एक वाट दिसते. कारण सांगायचे, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. कारण, त्याचा शेवट आणि कामाचा ताजा पुरावा या तीन गोष्टी एकत्र जायला हव्यात. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे: आधी काम, मग खंड.

खंडाला दोन वाक्ये

खंडाबद्दल किती लिहावे? माझ्या मते दोन वाक्ये. एकात केव्हा आणि का, दुसऱ्यात तो संपला आहे आणि आता कोणत्या वेळेला काम करता येईल. आपल्या अर्जदारासाठी ती अशी होतील: ‘सासू-सासऱ्यांच्या दीर्घ आजारपणात त्यांची शुश्रूषा करण्यासाठी मी जून २०१९मध्ये नोकरी सोडली. ती जबाबदारी मार्च २०२५मध्ये संपली असून आपल्या कार्यालयाच्या वेळेत मी पूर्णवेळ उपलब्ध आहे.’

यात आजाराचे नाव नाही, हे मुद्दाम. एक तर ती माहिती आजारी माणसाची आहे, ती अनोळखी कार्यालयात पाठवायचे कारण नाही. दुसरे असे की, निदान कळले की वाचणारा त्या आजाराचा विचार करू लागतो, पदाचा नाही. ‘घरगुती अडचण’ हा शब्दही टाळलेला बरा. त्यात भांडणापासून कर्जापर्यंत काहीही बसते, त्यामुळे वाचणाऱ्याची शंका वाढते. ‘आजारपण’, ‘शुश्रूषा’ किंवा ‘मुलाचे संगोपन’ असे सरळ लिहिले की तो पुढे सरकतो.

जबाबदारी पूर्ण संपलेली नसेल तर? घरात अजूनही वडील आहेत, त्यांना सांभाळायला हवे आहे, अशी स्थिती अनेकांची असते. तेव्हा ‘संपली’ असे लिहू नये. व्यवस्था काय केली आहे ते लिहावे: ‘वडिलांसाठी दिवसभराची मदतनीस नेमली असून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी कामासाठी मोकळा आहे.’ मदतनीस नुकतीच लागली असेल तर ती व्यवस्था महिनाभर चालवून पाहावी आणि मगच अर्ज करावा. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि न तपासलेली व्यवस्था पहिल्याच पंधरवड्यात कोसळते.

वरच्या वाक्यात ‘मोकळा’ लिहिले आहे, कारण आईवडिलांसाठी नोकरी सोडणारे मुलगेही असतात. त्यांच्या अर्जात तर हे कारण बहुधा लपवलेलेच असते. ‘स्वतःचा व्यवसाय’ किंवा ‘सल्लागार’ असे काहीतरी लिहून ती वर्षे झाकली जातात. मग मुलाखतीत व्यवसायाचे नाव, ग्राहक, उलाढाल असे साधे प्रश्न आले की उत्तर अडते.

तारखा ओढूनताणून जुळवणे हे त्याहून धोक्याचे आहे. भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एक यूएएन क्रमांक असतो आणि त्याखालच्या सेवा-इतिहासात कोणत्या आस्थापनेत केव्हा रुजू झाला व केव्हा बाहेर पडला याची नोंद दिसते. पार्श्वभूमी तपासणाऱ्या अनेक कंपन्या ही नोंद मागतात. जून २०१९ला सोडलेली नोकरी अर्जात २०२१पर्यंत लांबवली, तर ते इथेच उघडे पडते आणि मग खंडापेक्षा खोटेपणा मोठा होतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधीच ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर जाऊन आपला सेवा-इतिहास पाहून घ्यावा. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलीच नसेल, असेही होते. २०२०पासून ती तारीख कर्मचाऱ्याला स्वतः नोंदवता येते.

जुने कार्यालय बंद पडले असेल आणि अनुभवाचे पत्र मिळणार नसेल, तर हा सेवा-इतिहास, नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे यांतून अनुभव सिद्ध करता येतो. हे सगळे अर्जासोबत पाठवायचे नसते. मागितल्यावर त्याच दिवशी देता यावे एवढी तयारी हवी.

शुश्रूषेतले कोणते काम अर्जात येते

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण मधल्या वर्षांत काहीच केले नाही असे समजून ती रिकामी सोडतात. काही जण सगळ्या घरकामाला कार्यालयीन भाषा चढवतात: ‘वेळेचे नियोजन’, ‘बहुविध कामे एकाच वेळी हाताळणे’, ‘संकटकाळी नेतृत्व’. हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, म्हणून ते वाचलेच जात नाहीत. शिवाय आजारी सासूची सेवा कंपनीच्या शब्दांत मांडलेली वाचताना दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

निवड करण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्या कामात कागद होता, मुदत होती, पैसा होता किंवा चार माणसांचा समन्वय होता, ते काम कार्यालयीन काम आहे. बाकीचे काम कितीही कष्टाचे असले तरी या अर्जात त्याची जागा नाही.

या कसोटीवर आपल्या अर्जदाराची सहा वर्षे तपासू. सासऱ्यांना तीनदा रुग्णालयात दाखल करावे लागले. पहिल्या वेळी रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत होते, त्यामुळे रोकडविरहित सोय मिळाली. पण त्यासाठी रुग्णालयाच्या विमा कक्षातून पूर्वमंजुरीचा अर्ज गेला, त्यावर शंका आल्या, जुन्या आजाराचे कागद मागितले गेले आणि तिने ते दिले. पुढच्या दोन वेळी आधी पैसे भरून नंतर दावा करावा लागला. दाव्याचा अर्ज, डिस्चार्ज समरी, मूळ बिले आणि पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, रद्द केलेला धनादेश असा संच तयार करायचा, प्रत ठेवायची, मुदतीत पाठवायचा आणि कपात झाली तर कारण विचारून पुन्हा लिहायचे. पुरवठादाराचे बिल मंजूर करून घेणाऱ्या कोणत्याही सहायकाला हे काम ओळखीचे वाटेल.

सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागे. ते बँकेत जाऊ शकत नसल्याने तिने तो जीवन प्रमाण या डिजिटल सोयीतून घरूनच भरला. दिवसपाळी आणि रातपाळीच्या मदतनिसांची हजेरी आणि पगार ती वहीत लिहीत असे, पुढे तेच एक्सेलमध्ये ठेवू लागली. यातले सगळे अर्जात लिहायचे नाही. जाहिरातीत बिले आणि पत्रव्यवहार मागितला आहे, म्हणून विम्याचे दावे घ्यायचे. हजेरी-पगाराची नोंद जुन्या नोकरीतून आधीच येते, ती पुन्हा नको. एका वाक्यात एक काम, आकड्यासह, एवढे पुरते.

आकडा मात्र खरा हवा आणि तोंडी सांगता यायला हवा. ‘तीन दावे’ लिहिले की मुलाखतीत कोणी विचारेल, कपात किती झाली, तुम्ही काय केलेत? ज्याने ते काम केले आहे त्याला हा प्रश्न आवडतो, कारण उत्तर त्याच्याकडे असते.

हात चालतो हे कसे दाखवायचे

तिसरी शंका सगळ्यांत जड आहे आणि ती शब्दांनी मिटत नाही. २०१९मध्ये कार्यालय सोडलेल्या माणसासाठी टेबल तेच असले तरी साधने बदलली आहेत. तेव्हा टॅली ईआरपी ९ चालत होते. नोव्हेंबर २०२०मध्ये टॅलीप्राइम आले आणि पडद्याची मांडणी बदलली. एक्सेलची फाइल आता पुष्कळ ठिकाणी एकाच वेळी चार जण ऑनलाइन उघडून भरतात. फीची रक्कम यूपीआयने येते आणि ती बँकेच्या उताऱ्याशी जुळवण्याचे रोजचे नवे काम तयार झाले आहे. मराठी पत्रे जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करणाऱ्याला आता युनिकोड लागते, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर ईमेलने गेला की समोर निरर्थक अक्षरे दिसू शकतात.

म्हणून ‘मला टॅली व संगणकाचे उत्तम ज्ञान आहे’ हे वाक्य खंडानंतर चालत नाही. कोणते टॅली, केव्हाचे ज्ञान, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच. त्याऐवजी गेल्या वर्षभरातला काहीतरी ठोस पुरावा हवा. टॅलीप्राइमचा दोन-तीन महिन्यांचा वर्ग बहुतेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावी मिळतो. मराठी-इंग्रजी टंकलेखनासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा आहे. तिचे प्रमाणपत्र असेल तर मिनिटाला ३० की ४० शब्द हे लिहावे, आणि वेग आज तेवढा आहे का हे घरी घड्याळ लावून पाहावे.

प्रमाणपत्राहूनही वजनदार म्हणजे प्रत्यक्ष चालू काम. आपल्या अर्जदाराने गेले सहा महिने आपल्या ३६ सदनिकांच्या गृहनिर्माण सोसायटीचे देखभाल-वर्गणीचे हिशेब सांभाळले. दरमहा पावत्या, यूपीआयने आलेल्या रकमांचा ताळा, थकबाकीदारांना स्मरणपत्रे, सभेचे इतिवृत्त. मानधन नाममात्र असेल किंवा नसेलही. पण आता तिच्याकडे चालू वर्षातले काम आहे आणि फोन करून विचारता येईल असे एक माणूस आहे, सोसायटीचे सचिव. कोणी हेच काम ओळखीच्या दवाखान्यात, सीए कार्यालयात दोन तास जाऊन किंवा गावातल्या वाचनालयात करील. सहा महिने नसतील तर दोन महिनेही चालतील. पण ते अर्जाच्या आधी सुरू झालेले असावे. ‘लवकरच शिकून घेईन’ या वाक्याला किंमत नसते.

पूर्ण अर्ज

हे सगळे एका पानात कसे बसते ते पाहा. जाहिरात मराठीत होती म्हणून अर्ज मराठीत. इंग्रजी जाहिरातीला उत्तर इंग्रजीतच द्यावे.

‘प्रति, मा. सचिव, (संस्थेचे नाव), नाशिक.

विषय: कार्यालयीन सहायक पदासाठी अर्ज.

महोदय,

आपल्या १२ ऑक्टोबर २०२५च्या जाहिरातीतील कार्यालयीन सहायक या पदासाठी मी अर्ज करत आहे. नाशिकमधील एका पंपविक्री आस्थापनेत मी २०१० ते २०१९ अशी नऊ वर्षे कार्यालयीन सहायक होते. रोजची ३० ते ४० बिले, २४ कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक आणि दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफ व ईएसआयसीचा भरणा ही कामे माझ्याकडे होती. जुलै २०१७मध्ये जीएसटी लागू झाल्यावर सुमारे २०० ग्राहक व पुरवठादारांचे जीएसटी क्रमांक मागवून, तपासून टॅलीत भरण्याचे काम मी केले.

सासू-सासऱ्यांच्या दीर्घ आजारपणात त्यांची शुश्रूषा करण्यासाठी मी जून २०१९मध्ये नोकरी सोडली. ती जबाबदारी मार्च २०२५मध्ये संपली असून आपल्या कार्यालयाच्या वेळेत मी पूर्णवेळ उपलब्ध आहे. त्या काळात रुग्णालयाचे तीन विमा दावे कागदपत्रे व पत्रव्यवहारासह मीच पूर्ण केले.

गेल्या मे महिन्यापासून मी आमच्या ३६ सदनिकांच्या सोसायटीचे वर्गणीचे हिशेब, पावत्या, बँकेचा ताळा आणि सभासदांशी पत्रव्यवहार पाहते. ऑगस्टमध्ये टॅलीप्राइमचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. मराठी टंकलेखन मी युनिकोडमध्ये, मिनिटाला ४० शब्दांनी करते.

फीच्या नोंदी आणि पालकांशी संपर्क हे काम सोसायटीतील माझ्या सध्याच्या कामाशी जवळचे आहे. टॅली, एक्सेल किंवा पत्रलेखनाची प्रात्यक्षिक चाचणी घ्यायची असल्यास मी तयार आहे. सोबत माहितीपत्रक जोडले आहे.

आपली विश्वासू,’ आणि खाली नाव, फोन, ईमेल.

यात पहिल्या परिच्छेदाला सर्वांत जास्त जागा मिळाली आहे, कारण नऊ वर्षांचे काम सहा वर्षांच्या खंडापेक्षा मोठे आहे आणि वाचणाऱ्याला ते आधी दिसायला हवे. खंड आला तो दुसऱ्या परिच्छेदात, आणि त्याच परिच्छेदात संपला. तिसऱ्याने ताजेपणाची शंका मिटवली. शेवटच्या परिच्छेदातले चाचणीचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. छोट्या कार्यालयांत मुलाखतीच्या दिवशी एखादे पत्र टाइप करायला किंवा एक्सेलचा तक्ता भरायला देण्याची पद्धत आहेच. आपण होऊन तयारी दाखवली की वाचणाऱ्याचा धोका कमी होतो: पटले नाही तर अर्ध्या तासात कळेल.

विनंतीचा सूर पूर्ण गेला आहे, नम्रता मात्र आहे. ‘सहानुभूतीपूर्वक’, ‘गरजू’, ‘एक संधी’ हे शब्द कुठेही नाहीत. त्याचप्रमाणे ‘मी कोणतेही काम करीन’ हेही नाही. ज्याला कोणतेही काम चालते त्याला या कामाची खास माहिती नसावी, असा त्याचा अर्थ घेतला जातो आणि पगाराची बोलणीही तिथूनच खाली सुरू होतात.

पाठवताना ईमेलचा विषय रिकामा ठेवू नये; पदाचे नाव आणि आपले नाव त्यात असावे. अर्ज पीडीएफ करून जोडावा, म्हणजे फॉन्ट बिघडत नाही, आणि ईमेलच्या मजकुरात पहिला परिच्छेद द्यावा. फाइलला स्वतःचे नाव द्यावे. कार्यालयीन पदासाठी हा अर्ज हाच कामाचा पहिला नमुना असतो. तारीख चुकली, संस्थेचे नाव अर्धवट लिहिले, जोडपत्र राहून गेले, तर वर लिहिलेल्या सगळ्या अनुभवावर शंका येते.

या अर्जाला मर्यादाही आहेत. सरकारी भरतीत असे पत्र लागत नाही. तिथे ठरलेला नमुना, परीक्षा आणि वयोमर्यादा चालते. महाराष्ट्रात ती सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षे आहे. तिथे खंडाचे कारण कोणी विचारत नाही, पण शुश्रूषेत गेलेली वर्षे वयात धरली जातात. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर अर्जाआधी एक फॉर्म भरावा लागतो आणि पहिली चाळणी बरेचदा त्यावरच होते. पत्राचा खरा उपयोग होतो तो शिक्षणसंस्था, दवाखाने, सीए आणि वकिलांची कार्यालये, सहकारी संस्था आणि मध्यम उद्योगांत, जिथे एक माणूस अर्ज उघडून स्वतः वाचतो.

त्या वाचणाऱ्या माणसांना, म्हणजे मी ज्यांच्यात बसत आलो त्या सर्वांना, एक सांगणे आहे. जाहिरातीत ‘नोकरीत खंड असलेल्यांनीही अर्ज करावा’ एवढी ओळ घालायला पैसे पडत नाहीत आणि त्याने चांगले, अनुभवी अर्जदार पुढे येतात. मुलाखतीत ‘आता घरी कोण बघणार?’ असे विचारण्याऐवजी ‘आमच्या वेळेत येणे जमेल का आणि केव्हापासून?’ असे विचारावे, स्त्रीला आणि पुरुषालाही तेच. आणि शंका राहिलीच, तर खंडाची वर्षे मोजत बसण्यापेक्षा समोर एक पत्र, एक बिल आणि बँकेचा उतारा ठेवावा आणि काम करून दाखवायला सांगावे. नेमणुकीचा निर्णय त्या अर्ध्या तासावर घ्यावा.